तिसऱ्या स्लाइडचा माग

माझी सून इतिहास शिकवते. लातूरपासून बसनं तासाभराच्या वाटेवर एका गावात खाजगी अनुदानित शाळा आहे, तिथं आठवीला. शिक्षणसेवक म्हणून लागली. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं, आणि तीन वर्षांत तुमच्या नावाला बोट लागलं न्हाई तर मग कायम. हे झालं तेव्हा तिचे चार महिने राहिले होते. चार महिने म्हणजे आमच्या घरात रोज मोजायचा जिन्नस. मुलगा नांदेडला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकी घरात मी आणि ती.

पोरांना सनावळ्या पाठ होत न्हाईत म्हणून तिनं एक युक्ती काढली. मोबाईलवर फोटोंचं एक ॲप असतंय, तिथं एकाच ठिकाणी पुष्कळ चित्रं लावता येतात. बोटानं सरकवलं की पुढचं येतंय. याला ती कॅरोसेल म्हणायची, मी सरकतं पुस्तक म्हणायची. विषय अठराशे सत्तावनचा उठाव. एका चित्रावर एकच कारण. पहिल्यावर नाव, ‘१८५७ : उठाव का झाला?’ दुसऱ्यावर राजकीय कारण, म्हणजे दत्तक वारस मानायचा न्हाई आणि संस्थान खालसा करायचं. तिसऱ्यावर आर्थिक. चौथ्यावर सामाजिक आणि धार्मिक. पाचव्यावर शिपायांचं गाऱ्हाणं, कमी पगार, बढती न्हाई, समुद्र ओलांडून जायची सक्ती. सहाव्यावर तात्कालिक कारण, ती चरबी लावलेल्या काडतुसांची बातमी. सातव्यावर सगळी कारणं एका जागी, कारण, ती म्हणायची, पोरं काडतुसं तेवढी लक्षात ठेवतात आणि बाकीचं सोडून देतात. आठव्यावर प्रश्न.

एका चित्रात तीन ओळींपेक्षा जास्त लिहायचं न्हाई असा तिचा नेम. म्हणायची, चौथी ओळ आली की पोरगं पुढं सरकवतंय. अक्षर मोठं, कारण पोरं बापाच्या फोनवर बघतात आणि बापाच्या फोनची काच फुटलेली असते. खाली प्रत्येक चित्रावर शाळेचं नाव आणि तिचं नाव, बारीक अक्षरात. कुणी चोरून आपल्या नावावर खपवू नये म्हणून.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर, मग मुलाच्या पुस्तकांवर, मग वाचनालयात. म्हणून ती कच्चं काम आधी मला दाखवायची. “आई, तुम्हाला समजलं की पोरांना समजतंय,” असं म्हणायची. याच्यात माझी स्तुती किती आणि किती न्हाई याचा मी विचार करीत बसले न्हाई.

त्या कामात मी एक चूक काढली, आणि त्याचा मला लई अभिमान होता. तिसऱ्या चित्रावर तिनं लिहिलं होतं, ‘सरकारने शेतसारा वाढवला. सारा रोखीनेच भरायचा. मुदतीत न भरल्यास जमिनीचा लिलाव.’ चित्रात बैल, नांगर आणि सरकारी शिक्क्यासारखी एक लाल मोहोर. मी म्हटलं, पोरी, सरकार म्हणजे कोणाचं सरकार? आजकालचं समजेल कुणी. ती हसली, पण तिनं बदललं. ‘कंपनी सरकारने’ असं केलं. विणकरांचं काम गेलं तेही त्यात बसवलं. मग पक्की आठ चित्रं ॲपवर टाकली. शाळेत मोठ्या टीव्हीवर दाखवली. हेडसरांनी पाठ थोपटली.

पाचव्या दिवशी ती घरी आली ती चप्पल न काढताच ओट्यावर बसली. हातात एक कागद. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, असं त्यात होतं.

झालं असं होतं. शाळेच्या गावाच्या आजूबाजूला नव्या रस्त्यासाठी मोजणी चालू होती. शेतांत लाल रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या. कुणाचं किती जाणार, काय मिळणार, कुणालाच नीट माहीत न्हाई. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून राहिलेला. तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर हे चित्र आलं. सारा वाढवला, रोखीनं भरा, न्हाई तर लिलाव. वर लाल मोहोर, खाली शाळेचं नाव. सन कुठंच न्हाई, कारण सन पहिल्या चित्रावर होता आणि पहिलं चित्र आलंच न्हाई. लोकांना वाटलं शाळेमार्फत सूचना आली. वीस-पंचवीस माणसं तलाठ्याच्या दारात. तलाठी बेजार. त्यानं हेडसरांना फोन केला की तुमची बाई गावात काय पसरवून राहिली. संस्थेच्या सचिवांपर्यंत गेलं. आणि चार महिन्यांनी कायम होणाऱ्या शिक्षणसेवकाला काढायला सचिवांना निमित्तच हवं असतंय, तुम्ही समजून घ्या.

मी फोनवर ते चित्र बघितलं. तिनं हेडसरांकडून मागून आणलं होतं. बघितल्याबरोबर माझ्या डोक्यात लखलख झालं. त्यात ‘सरकारने’ होतं. ‘कंपनी’ न्हाई. विणकर न्हाईत.

“हे तर कच्चं आहे,” मी म्हटलं. “पक्क्यात मी बदलायला लावलं होतं.”

ती म्हणाली, हाव.

“म्हणजे ॲपवरून गेलेलं न्हाई. ज्याच्याकडं कच्चं होतं त्यानंच पाठवलं.”

तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये घातला. पाणी पिऊन आत गेली. मला वाटलं घाबरली असेल.

मी मात्र रात्रभर हिशेब लावत बसले. कच्चं काम कुणाकडं होतं? मुलाला पाठवलं नव्हतं, त्याला इतिहासाचं काय. राहिली एकच. तिच्या शाळेतली थोरली मॅडम. लातुरातच, आमच्याच भागात राहते. वीस वर्षं इतिहास तिनं शिकवला, पुठ्ठ्यावर रंगीत तक्ते काढून. सुनेनं मोबाईलची चित्रं आणल्यापासून ते तक्ते गुंडाळून कपाटामागं गेले, हे सुनेनंच एकदा मला सांगितलं होतं, वाईट वाटून. आणि तपासून द्या म्हणून कच्चं काम सुनेनं तिलाच दिलेलं. आता दुसरं कोण असणार? ज्याचे तक्ते कपाटामागं जातात त्याच्या पोटात दुखतंच.

सकाळी मी सुनेला हे सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, आई, मॅडम तशा न्हाईत. मी म्हटलं, तू भोळी आहेस. त्या दिवशी मी तिला दिवसभरात चार वेळा भोळी म्हटलं असेल. शेजारच्या काकूंनाही सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून. मुलाला नांदेडला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आई, पुरावा आहे का? मी म्हटलं, पुरावा लागतो कोर्टाला, मला शक पुरतो.

दुसऱ्या दिवशी सून शाळेला गेली आणि मी पुरावा आणायला निघाले. मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून धपाटे केले, डब्यात दही घेतलं. थोरली मॅडम त्या दिवशी रजेवर आहे हे मला माहीत होतं. वाटेत काय बोलायचं ते घोकून ठेवलं. आधी गुडघ्याचं विचारायचं, मग शाळेचं, मग हळूच मोबाईलचं. माणूस खोटं बोलत असला की मोबाईल उलटा ठेवतो, हे मी बघितलेलं आहे.

तिनं दार उघडलं, डबा घेतला, झाकण काढून वास घेतला आणि म्हणाली, “तीळ कमी पडले काकू. बसा. सुनेचं विचारायला आलात न्हवं?”

माझं सगळं घोकलेलं गेलं.

मी म्हटलं, आले होते सहज. ती म्हणाली, सहज माणूस दही आणत न्हाई. चहा ठेवला तिनं. चहा उकळेपर्यंत मी तिचा मोबाईल शोधून राहिले. तो टेबलावर होता, सरळ ठेवलेला. मग मला वाटलं, हुशार आहे, मुद्दाम सरळ ठेवलाय.

कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली. मी तिचं नाव घेऊन काय बोलून राहिले ते तिच्या कानावर होतं. शेजारच्या काकूंची बहीण तिच्या गल्लीत राहते, ते मी विसरले होते. ती म्हणाली, माझे तक्ते कपाटामागं गेले याचं मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण तुमची सून चांगलं काम करून राहिली. मी तिला दोन चुका काढून दिल्या. एक म्हणजे आपल्या भागात तेव्हा निजामाचं राज्य होतं, कंपनीचा शेतसारा आपल्याकडं नव्हता, हे पोरांना तोंडी सांग, न्हाई तर पोरं आपल्या आज्याच्या आज्याचं शेत लिलावात गेलं म्हणून घरी सांगतील. दुसरी म्हणजे सन प्रत्येक चित्रावर टाक.

“सन प्रत्येक चित्रावर?” मी विचारलं.

“मग. माझा तक्ता भिंतीवरून उठून कुठं जात न्हवता काकू. एक पाहिला की आठही दिसायचे. मोबाईलवरचं एक चित्र सुटून एकटंच गावभर हिंडतं. एकटं कारण हिंडायला लागलं की ती अफवा होते. ही दुसरी चूक तेवढी सुनेची राहून गेली, घाईत.”

मी म्हटलं, पण कच्चं काम तुमच्याकडंच होतं. हे मी मऊ आवाजात म्हणायचं ठरवलं होतं, ते तसं आलं न्हाई.

तिनं मोबाईल उचलला. उघडून माझ्यासमोर धरला. सुनेनं तिला आठही चित्रं एका फाईलीत पाठवली होती. एकाखाली एक, पुस्तकासारखी. मॅडमनं बोटानं वर-खाली करून दाखवलं. तिसरं वेगळं काढून फोटोसारखं पुढं पाठवायचं तर त्याचा पडद्यावरचा फोटो काढावा लागतो. तसा काढला की वर घड्याळ, बॅटरी, सगळं येतं. तिनं ते करून दाखवलं. खरंच, वर वेळ होती, बॅटरीचं चित्र होतं, कडेला फाईलीचं पान होतं. गावात फिरलेल्या चित्रावर यातलं काहीच न्हवतं. ते स्वच्छ होतं. मूळ फोटो.

“ज्याला एकेक सुटा फोटो मिळाला त्याच्याकडून गेलंय,” मॅडम म्हणाली. “मला फाईल दिली. सुटे फोटो कुणाला दिले ते सुनेला विचारा.”

हे मला विचारायची गरज पडली न्हाई. मला फाईल उघडता येत न्हाई. मी सुनेला म्हटलं होतं की मला फोटो पाठव, एकेक. आठ फोटो तिनं मला एकेक करून पाठवले होते.

चहा अर्धा राहिला. मी तिथंच बसून माझा फोन काढला. मला चष्मा घालायचंही सुचलं न्हाई, मॅडमनंच माझ्या पर्समधून काढून दिला. चाकूर तालुक्यात माझं माहेर आहे. आमच्या भावाबहिणींचा एक ग्रुप आहे, त्यावर मी रोज सकाळी काही ना काही टाकते. खाली खाली गेले. आठ दिवसांमागं, दुपारी, मी तिसरं चित्र टाकलं होतं. फक्त तिसरं. बाकीच्यांत राजे होते, शिपाई होते, मला त्याचं काय. तिसऱ्यात शेत होतं, बैल होते. वर मी स्वतःच्या बोटानं लिहिलं होतं, ‘आमच्या सूनबाईंनी बनवलं. शेतकऱ्यांनी वाचावं.’

चूक काढली ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर चित्र गेलेलं होतं.

भावानं ते पुढं गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, माझं वरचं वाक्य सोडून. पुढं पाठवताना ते मागं राहतं. तिकडूनच ते फिरत फिरत शाळेच्या गावाला पोचलं असणार. त्याच्या गावातही मोजणी चालू होती. भावाला फोन लावला तर तो म्हणाला, आक्का, तूच तर म्हणालीस शेतकऱ्यांनी वाचावं. आम्ही वाचलं. अर्ध्या गावानं वाचलं.

मॅडमला मी काय म्हणाले ते मला आठवत न्हाई. माफी मागितली असेल. ती म्हणाली, डबा धुवून देते थांबा. डबा धुवून दिला, पण रिकामा. आमच्याकडं डबा रिकामा परत देत न्हाईत, चिमूटभर साखर तरी टाकतात. तिनं टाकली न्हाई. ते मी समजले.

संध्याकाळी सून आली. मी तिला बसवलं आणि फोन तिच्यासमोर ठेवला.

तिनं बघितलंही न्हाई. “मला माहीत होतं आई,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पहिल्याच दिवशी. तुम्ही हे तर कच्चं आहे म्हणालात तेव्हाच. सुटे फोटो तुमच्याशिवाय कुणालाच दिले नव्हते.”

मी म्हटलं, मग बोलली का न्हाईस. मी त्या बाईचं नाव गल्लीत घेऊन राहिले, तू भाजी निवडत बसलीस.

तिनं फोन माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, तुम्ही मला भोळी म्हणत होतात. मी म्हणणार काय, की आई, चोर तुम्ही आहात? आणि खुलाशात सासूचं नाव लिहू? तिचा खुलासा लिहून तयार होता. मी वाचला. ‘माझ्याकडून अनवधानाने अपुरी प्रतिमा बाहेर गेली.’ माझ्याकडून, असं तिनं लिहिलं होतं. त्यावर सही राहिली होती. ती सही झाली असती की सचिवांना हवा होता तो कागद त्यांच्या हातात पडला असता.

मला राग आला, खोटं न्हाई सांगत. तिच्यावर आला. मला तीन दिवस सगळ्यांच्या दारात नाचू दिलं म्हणून. मग रागाचं तोंड माझ्याकडं वळलं आणि मी उठून स्वयंपाकाला लागले. जेवताना तिनं भाकरी मागितली, मी दिली, एवढंच.

सकाळी तिच्याबरोबर बसमध्ये मीही बसले. तिनं नको म्हणून बघितलं. मुदतीचा तो शेवटचा दिवस होता.

हेडसरांच्या खोलीत सचिव होते आणि तलाठीही आला होता. मला बघून सचिवांनी सुनेला विचारलं, यांना कशाला आणलं? मी म्हटलं, तिनं आणलं न्हाई, मी आले. फोन टेबलावर ठेवला. कधी पाठवलं, कुणाला पाठवलं, सगळं दाखवलं. कच्चं कोणतं, पक्कं कोणतं, तेही दाखवलं. हेडसरांनी दोन्ही चित्रं शेजारी धरून वाचली. तलाठी तर पक्कं चित्र बघून म्हणाला, यात स्पष्ट कंपनी लिहिलंय की. सचिव लवकर मानत नव्हते. म्हणाले, सुनेला वाचवायला सासू काहीही सांगेल. मी म्हटलं, सर, लातुरात कुणालाही विचारा, मी सुनेला वाचवायला सांगते आहे यावर कुणी विश्वास ठेवतंय का बघा.

हेडसर हसले. सचिव न्हाई हसले. ते म्हणाले, लेखी द्या.

मी लिहिलं. शाळेच्या फुलस्केपवर, हेडसरांच्या पेनानं, अर्धा तास लागला. मदत घेतली न्हाई. ‘सदरचे चित्र मी माझ्या माहेरच्या ग्रुपवर पाठविले. सुनेने पाठविले नाही. त्यावर सन नव्हता हे माझ्या लक्षात आले नाही. चित्र पाठविल्यानंतर दुसऱ्याच मॅडमवर शक घेतला, तो खोटा होता.’ शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. सचिव म्हणाले, याची गरज नव्हती. मी म्हटलं, मला होती.

सुनेचा स्वतःचा खुलासा तिनं फाडला. सचिवांनी तिला तोंडी समज दिली, ती कागदावर आली न्हाई. ॲपवरचं जुनं काढून तिनं आठही चित्रं पुन्हा टाकली, प्रत्येकाच्या माथ्यावर १८५७ आणि कोपऱ्यात आठातलं कितवं तो आकडा. तलाठ्यानं ती आठही गावाच्या ग्रुपवर एकदम टाकली. लोकांनी किती वाचली देव जाणे. भावानं मला विचारलं, आक्का, हे खरंच जुनं आहे न्हवं? मी म्हटलं, हाव. तो म्हणाला, तू म्हणतेस म्हणून मानतो. त्याच्या आवाजावरून कळलं की मानलेलं न्हाई.

चार महिने गेले आणि ती कायम झाली.

आता ती पहिल्या महायुद्धाची कारणं करून राहिली आहे. परवा संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसली, म्हणाली, आई, बघा बरं समजतंय का. फोन तिनं स्वतःच्या हातात धरला होता. मी वाचून झालं म्हटलं की ती पुढचं सरकवायची. चौथं मला पुन्हा बघायचं होतं, म्हणून मी फोन घ्यायला हात पुढं केला.

“सांगा ना, मी मागं करते,” ती म्हणाली, आणि फोन सोडला न्हाई.

मी म्हटलं, कर मागं.